नामदेवांच्या शबदांवरचे मथळे वाचताना: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी – काम काय, कशावर

श्री गुरु ग्रंथ साहिबमध्ये संत नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे गेय रचना, १८ रागांत विभागलेले आहेत. प्रत्येक शबदाच्या वर मथळा असतो. त्यात रागाचे नाव, रचनाकाराचा निर्देश, कधी ‘घरु’ आणि एक आकडा, कधी रचनेचा प्रकार येतो. मराठीत या शबदांचे अर्थ सापडतात, पण छापताना बहुतेक वेळा मथळा गळालेला असतो, नाहीतर ‘राग आसा’ एवढाच उरलेला असतो. म्हणून ६१ शबदांचा तक्ता करून प्रत्येकाचा मथळा जसाच्या तसा उतरवायचा आणि त्यातून वाचणाऱ्याला काय कळते ते पाहायचे, असे ठरवले.

सुरुवातीला तक्त्यात चारच रकाने आखले: अंग, राग, मथळा, पहिली ओळ. ‘अंग’ म्हणजे ग्रंथाचे पान. छापील प्रतींत एकूण १४३० अंगे असतात आणि प्रत्येक अंगावरचा मजकूर सर्व प्रतींत तोच असतो. त्यामुळे संदर्भ देताना अंगाचा आकडा पुरतो.

एक व्यावहारिक गोष्ट: गुरुद्वाऱ्यातला ग्रंथ टिपणे काढण्यासाठी नसतो. त्याचा मान राखूनच वाचन होते. नोंदींसाठी भागाभागांत छापलेल्या पोथ्या किंवा पडद्यावरचा मजकूर वापरावा. देवनागरीत छापलेली प्रतही मिळते. पण पडताळणी गुरुमुखीतूनच करावी, आणि त्याचे कारण पुढच्याच नोंदीत आले आहे.

७ जानेवारी – आकड्यांचा घोटाळा

गुरुमुखी लिपी मराठी डोळ्याला ओळखीची वाटते, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. गुरुमुखीतला ‘म’ आपल्या ‘भ’सारखा दिसतो आणि ‘स’ आपल्या ‘म’सारखा. अक्षर चुकले तर निदान शब्द विचित्र होतो आणि चूक लक्षात येते. आकडा चुकला तर काहीच विचित्र दिसत नाही. गुरुमुखी एकचा आकडा जवळजवळ इंग्रजी नऊसारखा असतो. ‘महला १’ घाईत ‘महला ९’ वाचला, तर गुरू नानकांची रचना गुरू तेगबहादुरांच्या नावावर जाते.

‘महला’ हा शब्द मथळ्यात गुरूंचा क्रम सांगतो. १ म्हणजे गुरू नानक, २ गुरू अंगद, ३ गुरू अमरदास, ४ गुरू रामदास, ५ गुरू अर्जनदेव आणि ९ गुरू तेगबहादुर. या सगळ्यांच्या रचनांत शेवटी ‘नानक’ हीच नाममुद्रा येते. म्हणजे कोणत्या गुरूंची रचना आहे हे ओळखायला मथळ्यातला आकडा हाच आधार असतो. तो आकडा पहला, दूजा, तीजा असा क्रमवाचक वाचायचा. सिरीरागाच्या अगदी पहिल्या मथळ्यात (अंग १४) ‘महला पहिला १ घरु १’ असे शब्द आणि आकडा दोन्ही देऊन ते दाखवलेही आहे.

एक-नऊची शंका आली की क्रम पाहावा. रागाच्या विभागात साधारणपणे महला १, ३, ४, ५, ९ असा क्रम लागतो. विभागाच्या सुरुवातीलाच ‘९’ दिसला तर तो बहुधा एक असतो.

संगणकावर दुसरी अडचण आली. जुन्या संकेतस्थळांवरचा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असतो. तो चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. असा मजकूर दुरुस्त करत बसू नये. अंगाचा आकडा घेऊन युनिकोड प्रत उघडावी. शिवाय मथळ्यात लिहिलेले ‘घरु’ बोलताना ‘घर’ होते आणि ‘रागु’चे ‘राग’. शोधताना मात्र ऱ्हस्व उकारासह लिहावे लागते, नाहीतर काहीच हाती लागत नाही.

११ जानेवारी – अंग ४८५, ‘मनु मेरो गजु’

नमुन्यादाखल हा शबद पूर्ण तपासला. मराठी वाचकाला तो जवळचा वाटेल, कारण यात शिंप्याचे गज, कात्री, सुई, दोरा सगळे येते.

> मनु मेरो गजु जिहबा मेरी काती ॥ मपि मपि काटउ जम की फासी ॥१॥
> कहा करउ जाती कह करउ पाती ॥ राम को नामु जपउ दिन राती ॥१॥ रहाउ ॥

शेवटची ओळ अशी आहे: ‘सुइने की सूई रुपे का धागा ॥ नामे का चितु हरि सउ लागा ॥४॥३॥’

शोधखिडकीतून हा शबद उघडला तर वर फक्त ‘आसा’ एवढेच दिसते. कर्त्याचे नाव नाही, घर नाही. चार रकान्यांचा तक्ता इथेच अपुरा पडला. कर्त्याचे नाव दोन शबद मागे आहे: ‘आसा बाणी स्री नामदेउ जी की’. ते ‘एक अनेक बिआपक पूरक’ या पहिल्या शबदाच्या वर आहे. कर्ता बदलला की पूर्ण मथळा येतो. त्यानंतरच्या शबदांवर रागाचे नाव तेवढे येते, बाकीचे वाचणाऱ्याने मागून घ्यायचे असते. म्हणून सुटा शबद न उघडता संपूर्ण अंग उघडायचे आणि शेवटचा पूर्ण मथळा मिळेपर्यंत मागे जायचे, हा नियम केला. तक्त्यात ‘कर्ता’ आणि ‘कर्त्याचा मथळा कोणत्या अंगावर’ असे दोन नवे रकाने घातले.

मागे जाताना थांबायचे कुठे, हाही प्रश्न येतो. आसा रागातल्या भक्तांच्या बाणीची, म्हणजे गुरूंखेरीज इतर संतांच्या रचनांची, सुरुवात अंग ४७५ वर होते. तिथल्या मथळ्यात कबीर, नामदेव आणि रविदास या तिघांची नावे एकत्र आहेत. ते नाव पाहून नामदेवांची बाणी तिथून सुरू होते असे समजू नये. तो संपूर्ण भागाचा मथळा आहे. त्याच्या खाली आधी कबीरांचे शबद येतात, ते ४८४ पर्यंत चालतात, आणि नामदेव ४८५ वर भेटतात. जवळपास प्रत्येक रागात हीच रचना आहे: आधी गुरूंची बाणी, शेवटी भक्तांची, आणि भक्तांमध्ये कबीर असले तर ते पहिले. नामदेव शोधायचे असतील तर रागाच्या विभागाच्या शेवटाकडून मागे यावे, वेळ वाचतो.

आता शेवटचे आकडे पाहू. ॥४॥३॥ यातला पहिला ४ म्हणजे शबदात चार पदे आहेत. ३ म्हणजे आसा रागातल्या नामदेवांच्या शबदांपैकी हा तिसरा. मागे मोजत गेले की ‘आनीले कुंभ भराईले’ दुसरा आणि ‘एक अनेक’ पहिला, बरोबर जुळते. हा शेवटचा आकडा म्हणजे मथळ्याची पावती. वरचा मथळा कुठवर लागू आहे ते खालचा आकडा सांगतो, आणि मोजणी पुन्हा १ पासून सुरू झाली की वर नवा मथळा असणारच.

‘रहाउ’ लिहिलेली ओळ म्हणजे आपल्या अभंगातले ध्रुवपद. गाताना ती स्थायी म्हणून धरतात आणि प्रत्येक पदानंतर तिच्यावर परततात. वाचतानाही आधी तीच वाचावी, कारण शबदाचा मुख्य आशय तिच्यात असतो. या शबदात गज-कात्रीचे रूपक लक्ष वेधून घेते. पण रहाउ सांगते की मुद्दा जातीपातीचा आहे, आणि रूपक त्याच्या सेवेला आले आहे. तक्त्यात ‘रहाउ कितव्या ओळीला’ असा आणखी एक रकाना वाढवला. काही शबद, उदाहरणार्थ ‘देवा पाहन तारीअले’ (अंग ३४५), रहाउनेच सुरू होतात.

१४ जानेवारी – नाव नामदेवांचे, शबद दुसऱ्याचा

तक्ता लवकर व्हावा म्हणून ‘नामदेउ’ आणि ‘नामा’ हे शब्द शोधून यादी काढली. ती यादी टाकून द्यावी लागली आणि दोन संध्याकाळी वाया गेल्या. कारणे दोन.

पहिले उदाहरण अंग ४८७ वरचे: ‘गोबिंद गोबिंद गोबिंद संगि नामदेउ मनु लीणा ॥ आढ दाम को छीपरो होइओ लाखीणा’. गोविंदाच्या संगतीत नामदेवांचे मन रमले आणि अर्ध्या दमडीचा शिंपी लाखमोलाचा झाला, असा अर्थ. हा शबद भक्त धन्नांच्या बाणीत, त्यांच्या पहिल्या शबदानंतर येतो. शेवटच्या ओळीत ‘धंना वडभागा’ असे धन्नांचे नावही आहे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी तो धन्नांचा शबद म्हणून दिला जातो. पण वर मथळा आहे: ‘महला ५’. म्हणजे रचना गुरू अर्जनदेवांची. त्यांनीच १६०४ मध्ये अमृतसर येथे ग्रंथाचे संकलन पूर्ण केले, आणि लेखनाचे काम भाई गुरदासांनी केले.

शेवटचे आकडे पाहिले तर जुळणी आणखी स्पष्ट होते. तिथे ॥४॥२॥ आहे. म्हणजे संकलकांनी स्वतःचा शबद धन्नांच्याच मोजणीत दुसरा म्हणून धरला, आणि त्यानंतर धन्नांचा ‘रे चित चेतसि की न दयाल’ तिसरा येतो. आशय पाहिला तर जागा पटते. नामदेव, कबीर, रविदास, सैन यांच्याविषयी ऐकून धन्ना भक्तीला लागले, असे तो शबद सांगतो. धन्नांच्या पदांच्या मध्ये ते वाचले की भाष्य म्हणून वाचता येते. ‘महला ५’ हे छोटे अक्षर सुटले तर हे भाष्य धन्नांचे आत्मकथन होऊन बसते.

दुसरे उदाहरण अंग १३७५-७६ वरचे. ‘नामा माइआ मोहिआ कहै तिलोचनु मीत’ आणि ‘नामा कहै तिलोचना’ हे दोन श्लोक म्हणजे त्रिलोचन आणि नामदेव यांचा संवाद. मात्र ते ‘सलोक भगत कबीर जीउ के’ या मथळ्याखाली २१२ आणि २१३ या क्रमांकांवर येतात. ६१ शबदांत ते मोजायचे नाहीत. शिवाय तिथे रागाचे नावच नाही, कारण रागांचे विभाग अंग १३५३ वर जैजावंतीपाशी संपतात आणि पुढची बाणी रागात बांधलेली नाही. नाव शोधून यादी करणाऱ्याला हे दोन्ही प्रकार हमखास फसवतात.

१८ जानेवारी – ‘घरु’ म्हणजे काय, आणि किती मानायचे

घराचा आकडा १ ते १७ पर्यंत येतो. तो गायकासाठीचा निर्देश आहे, एवढ्यावर एकमत आहे. तो ताल सांगतो की रागातला चालीचा प्रकार, यावर मात्र जाणकारांत मतभेद आहेत. तक्त्यात ‘घर = ताल’ असा रकाना आधी केला होता, तो काढून फक्त आकडा ठेवला.

काही सांगायचेच असेल तर ग्रंथातल्या मथळ्यांवरूनच सांगावे. सिरीरागात कबीरांच्या शबदावर (अंग ९१) लिहिले आहे: ‘एकु सुआनु कै घरि गावणा’. ‘एकु सुआनु’ ही गुरू नानकांच्या सिरीरागातल्याच शबदाची (अंग २४) सुरुवात आहे. म्हणजे ‘त्या शबदाच्या घरात हा गावा’. भक्त बेणींच्या शबदावर (अंग ९३) ‘पहरिआ कै घरि गावणा’ असे आहे, म्हणजे ‘पहरे’ या रचनांच्या घरात. आपल्याकडे पदावर ‘चाल: अमुक’ असे छापतात, तसाच हा निर्देश. यावरून निदान इतके ठरते की घर ही ओळखीची, एका रचनेवरून दुसरीवर नेता येणारी गाण्याची चौकट होती.

वाचणाऱ्याला घराचा एक साधा उपयोग आहे. घर बदलले की मोजणी नव्याने सुरू होते आणि शेवटी तिसरा आकडा येतो. पुढच्या नोंदीतले उदाहरण त्याचेच आहे.

२१ जानेवारी – अंग ८७४, ‘बिलावलु गोंड’

‘आजु नामे बीठलु देखिआ’. विठ्ठलाचे नाव असल्याने मराठी वाचक हा शबद आवर्जून शोधतात. वर मथळा ‘बिलावलु गोंड’. तो कोणत्या रागाखाली घालावा? बिलावलच्या विभागात (अंग ७९५ ते ८५८) शोधले तर सापडणार नाही. तिथे नामदेवांचा एकच शबद आहे, ‘सफल जनमु मो कउ गुर कीना’ (अंग ८५७). हा शबद गोंड विभागात आहे, आणि मथळा गोंड रागाचा बिलावलशी जोडलेला प्रकार सांगतो.

शेवटचे आकडे ॥४॥३॥७॥. चार पदे, ‘घरु २’ मधला तिसरा, गोंड रागातला नामदेवांचा सातवा. तपासून पाहिले: घरु १ मध्ये चार शबद, घरु २ मध्ये तीन, मिळून सात. आकड्यांनी तो गोंडातच पक्का केला. म्हणून तक्त्यात ‘विभागाचा राग’ आणि ‘मथळ्यातला राग’ असे दोन वेगळे रकाने केले. ‘गउड़ी चेती’ (अंग ३४५) साठीही ते लागले, कारण तिथे विभाग गउड़ीचा आणि मथळ्यात त्याचा प्रकार आहे. एकच रकाना ठेवला असता तर एकतर शबद सापडला नसता, नाहीतर प्रकाराची माहिती गेली असती.

२५ जानेवारी – रागाच्या नावावरून काय ठरवू नये

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याची सवय अशी की रागाचे नाव दिसले की स्वर आठवतात. इथे जपून. मथळा स्वर देत नाही. ते रबाबी आणि रागी या कीर्तन गाणाऱ्यांच्या परंपरेतून आले आहेत. ‘आसा’ म्हणजे आसावरी नव्हे. आज गायला जाणारा आसा शुद्ध स्वरांचा आहे, आरोहात गंधार आणि निषाद वर्ज्य. आसावरीत गंधार, धैवत, निषाद कोमल. गंमत अशी की आसाच्याच विभागात काही शबदांवर ‘रागु आसावरी’ असाही मथळा आहे, उदाहरणार्थ अंग ३६९. तो वेगळा निर्देश आहे आणि वेगळाच नोंदवावा. माझ, तुखारी यांसारखे राग तर आपल्या मैफलींत ऐकूही येत नाहीत.

विषयाचेही तसेच. बसंत राग म्हणजे वसंताचे वर्णन, असे धरून एक रकाना ‘ऋतू’ म्हणून सुरू केला होता. गुरू नानकांच्या पहिल्याच शबदाला (अंग ११६८) तो लागू पडतो: ‘माहा माह मुमारखी चड़िआ सदा बसंतु’. नामदेवांचा बसंतातला ‘लोभ लहरि अति नीझर बाजै’ (अंग ११९६) मात्र लोभाच्या लाटेत बुडणाऱ्या माणसाची हाक आहे. तिथे वसंत नाही. रकाना काढून टाकला.

तिलंगची गोष्ट अधिक रोचक आहे. गुरू नानकांचा ‘यक अरज गुफतम’ (अंग ७२१) जवळजवळ फारसीत आहे. कबीरांचा ‘बेद कतेब इफतरा भाई’ आणि नामदेवांचे ‘मै अंधुले की टेक तेरा नामु खुंदकारा’ व ‘हले यारां हले यारां खुसिखबरी’ हे तिन्ही अंग ७२७ वर आहेत आणि तिन्हींत फारसी-अरबी शब्दांची रेलचेल आहे. पंढरपूरच्या संताच्या तोंडी ‘खुंदकारा’ आणि ‘यारां’ का, याचे एक उत्तर शेजारच्या शबदांत आहे. या रागाच्या विभागात तीन वेगळ्या रचनाकारांची भाषा एकाच दिशेला झुकते. सुटे पद वाचणाऱ्याला हे दिसणारच नाही. तरी नियम करू नये. त्याच विभागात गुरू तेगबहादुरांचा ‘चेतना है तउ चेत लै’ (अंग ७२६) साध्या बोलीत आहे. तक्त्यात हे ‘शेजारचे शबद’ या शेऱ्यात लिहिले, रागाच्या रकान्यात नाही.

२ फेब्रुवारी – बेरीज

शेवटच्या आकड्यांवरून रागवार मोजणी केली. गउड़ी १, आसा ५, गूजरी २, सोरठि ३, धनासरी ५, टोडी ३, तिलंग २, बिलावल १, गोंड ७, रामकली ४, माली गउड़ा ३, मारू १, भैरउ १२, बसंत ३, सारंग ३, मलार २, कानड़ा १, प्रभाती ३. एकूण ६१, राग १८.

बेरीज चुकली तर आधी भैरउ पाहावा (अंग ११६३ ते ११६७). तिथे शबद सर्वांत जास्त आहेत, घरे बदलतात, मोजणी मध्येच नव्याने सुरू होते. ‘सुलतानु पूछै सुनु बे नामा’ (अंग ११६५) तर इतका लांब आहे की पडद्यावर त्याचे तुकडे होऊन दोन शबद वाटतात. त्याच्या पदांचे आकडे सलग वाढत जातात, म्हणून तो एकच धरायचा. एक जास्त आला तर अंग ४८७ चा ‘महला ५’ आत शिरला आहे का ते पाहावे.

तक्त्याचे अंतिम रकाने: अंग, विभागाचा राग, मथळ्यातला राग, मथळा जसाच्या तसा, घर, कर्ता, कर्त्याचा मथळा कोणत्या अंगावर, रहाउ कितव्या ओळीला, शेवटचे आकडे, शेजारच्या शबदांवर शेरा. हेच रकाने आता त्रिलोचनांच्या चार शबदांसाठी वापरायला घेतले आहेत. सिरीरागात एक (अंग ९२), गूजरीत दोन, धनासरीत एक.